मुफ्ती फतवा कसा देतात, आणि तो निकाल का नसतो

जून २००५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यात एका विवाहितेनं सासऱ्यावर बलात्काराचा आरोप केला. थोड्याच दिवसांत देवबंदच्या दारुल उलूमचा एक फतवा देशभर गाजला. ही बाई आता नवऱ्याला निषिद्ध झाली आहे, दोघांनी नवरा-बायको म्हणून एकत्र राहू नये, असं त्यात म्हटलं होतं. लोक संतापले आणि तो संताप रास्तच होता. गुन्हा सासऱ्याचा, आणि संसार मोडायचा सुनेचा! सासऱ्यावर पुढे फौजदारी खटला चालला आणि २००६ मध्ये न्यायालयानं त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली.

त्या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडली. हा फतवा त्या बाईनं मागितलेला नव्हता आणि तिच्या नवऱ्यानंही नाही. एका पत्रकारानं प्रश्न पाठवला होता आणि त्याला मिळालेलं उत्तर बातम्यांमध्ये निकालासारखं झळकलं. देवबंदला कुणाची साक्ष झाली नव्हती, कुणाला बोलावणं गेलं नव्हतं. ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता, त्यांचं म्हणणं कुणी ऐकलंच नव्हतं.

याच प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली आणि ७ जुलै २०१४ रोजी निकाल आला. फतवा कुणावरही बंधनकारक नाही, ज्यानं तो मागितला त्याच्यावरही नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. तरी आजही ‘फतवा निघाला’ एवढी बातमी आली, की कुठल्यातरी कोर्टानं हुकूम सोडला असं अनेकांना वाटतं. त्यात मुसलमान वाचकही असतात. म्हणून मुळापासून पाहू.

विचारल्याशिवाय फतवा नाही

मुफ्ती म्हणजे इस्लामी कायद्याच्या ग्रंथांचा अभ्यास करून, विचारलेल्या प्रश्नाला त्या कायद्यानुसार उत्तर देणारा जाणकार. ते उत्तर म्हणजे फतवा. काझी म्हणजे न्यायाधीश. दोघं एकाच मदरशात, एकाच ग्रंथांवर शिकलेले असू शकतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

मराठी वाचकाला यासाठी फार लांब जावं लागणार नाही. कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा मुद्दा आला, की न्यायाधीश शास्त्रीबुवांना लेखी प्रश्न पाठवत: दत्तक घेतल्यानंतर औरस मुलगा झाला तर वाटणी कशी? शास्त्रीबुवा ग्रंथांच्या आधारे उत्तर लिहून देत. दत्तविधान खरंच झालं होतं का, याच्याशी त्यांचा संबंध नसे. ते न्यायाधीश ठरवी आणि निकालही तोच देई. मुस्लिम कायद्याच्या प्रश्नांसाठी त्याच न्यायालयांत शास्त्रीबुवांसारखे मौलवी आणि मुफ्ती असत आणि ते जे लिहून देत तो फतवा.

१८६४ मध्ये इंग्रज सरकारनं न्यायालयांतली ही शास्त्री-मौलवींची पदं बंद केली. सरकारी काझींची नेमणूकही तेव्हाच थांबली. १८८० च्या कायद्यानं निकाह लावण्यासारख्या कामांपुरते काझी पुन्हा नेमता येऊ लागले, पण त्यांना न्यायदानाचा अधिकार मिळणार नाही हे त्याच कायद्यात लिहून ठेवलं. मुफ्ती मात्र उरले, कारण उत्तर द्यायला सरकारी पद लागत नाही.

उत्तर तयार कसं होतं

आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचा विद्वान, होण्याचा मदरशातला अभ्यासक्रम साधारण आठ वर्षांचा. त्यानंतर फतवा लिहिण्याचं शिक्षण वेगळं, वर्ष-दोन वर्षांचं. त्यात विद्यार्थ्याला खरेखुरे आलेले प्रश्न देतात. तो उत्तर लिहितो, उस्ताद खोडतात, तो पुन्हा लिहितो.

प्रश्न लेखी आला की मुफ्तींचं पहिलं काम असतं तो नीट समजून घेणं. नवरा नेमके कोणते शब्द बोलला? एकदा की तीनदा? पैसे कर्जाऊ दिले होते की भागीदारीत? एखादा तपशील बदलला तरी उत्तर पार उलटतं. संशय असेल तर मुफ्ती पुन्हा विचारतात, पण पोलिसांसारखा तपास करत नाहीत. म्हणून उर्दू फतव्यांत पुष्कळदा सुरुवातीलाच ‘सूरत-ए-मसऊला में’, म्हणजे विचारलेल्या परिस्थितीत, असं लिहिलेलं दिसतं. कधी ‘बशर्त-ए-सेहत-ए-सवाल’ असंही असतं. प्रश्नात सांगितलेलं खरं असेल तरच, असा त्याचा अर्थ. बातमीत नेमके हेच शब्द गळतात.

मग येतात ग्रंथ. आजचे बहुतेक मुफ्ती कुराण उघडून थेट त्यातून स्वतः नियम काढत नाहीत. सुन्नींमध्ये हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली अशी चार कायदेपीठं आहेत आणि मुफ्ती आपल्या पीठाच्या चौकटीत राहून उत्तर देतात. भारतात हनफी सर्वांत जास्त. रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान मात्र परंपरेनं शाफई. त्यामुळे माकुल खावं की नाही याचं उत्तरसुद्धा देवबंदला एक आणि कोकणात दुसरं मिळतं, कारण हनफींना समुद्रातलं फक्त मासळीच चालते आणि शाफईंचा नियम त्याहून बराच सैल आहे.

एका पीठातही एकमत नसतं. हनफी पीठात इमाम अबू हनीफा यांचं मत एक आणि त्यांच्या दोन शिष्यांचं दुसरं, असं वारंवार दिसतं. फतवा कोणत्या मतावर द्यायचा, याचेही नियम ठरलेले आहेत. दमास्कसचे इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी ते एकत्र मांडले आणि भारतात मुफ्ती होणारा विद्यार्थी ते आजही शिकतो. त्यांत एक नियम असा, की आपल्या काळातल्या लोकांचे रीतिरिवाज ज्याला माहीत नाहीत, त्यानं फतवा देऊ नये. जुन्या ग्रंथातलं वाक्य उचलून आजच्या माणसाच्या माथी मारणं, हे त्या शास्त्रातच चूक मानलं आहे.

शेवटी उत्तर, त्याखाली ग्रंथाचा आधार, क्रमांक, तारीख, सही. मोठ्या दारुल इफ्तामध्ये, म्हणजे फतवा विभागात, ज्येष्ठ मुफ्ती तपासून ‘अल-जवाब सहीह’ लिहितात: उत्तर बरोबर आहे. आणि फतवा संपतो तो ‘वल्लाहु आलम’ या शब्दांनी, खरं काय ते अल्लाहच जाणे. निकालपत्राचा शेवट असा होत नाही.

एक प्रश्न शेवटपर्यंत नेऊन पाहू

समजा एका हनफी बाईनं विचारलं: माझा नवरा पाच वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला. फोन नाही, पैसे नाहीत, जिवंत आहे की नाही हेही माहीत नाही. मी दुसरा निकाह करू शकते का?

हनफी ग्रंथांतलं मूळ उत्तर फार कठोर आहे. बेपत्ता माणूस जिवंत आहे असंच धरायचं, आणि त्याच्या वयाची माणसं मरून जातील इतका काळ लोटला की मग त्याला मृत मानायचं. त्याचं वय नव्वद होईपर्यंत थांबावं, असं एक प्रसिद्ध मत आहे. नवरा तिशीत गेला असेल तर बायकोनं उरलेला जन्म वाट पाहण्यात घालवायचा.

मालिकी पीठाचं मत वेगळं आहे. खलिफा उमर यांच्या निर्णयाचा आधार घेऊन ते म्हणतात: बाईनं काझीकडे जावं, काझीनं शोध घ्यावा, सापडला नाही तर चार वर्षांची मुदत द्यावी. त्यानंतर विधवेची इद्दत, म्हणजे पुन्हा निकाह करण्याआधी थांबण्याचा काळ, चार महिने दहा दिवस. मग ती मोकळी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रश्नानं पंजाबात विचित्र वळण घेतलं. नवऱ्यापासून सुटकेचा दुसरा मार्गच नसल्यानं काही मुसलमान स्त्रिया इस्लाम सोडल्याचं जाहीर करू लागल्या. धर्म सोडला की निकाह तुटला, असं न्यायालयं धरत असत. सुटकेसाठी धर्म सोडावा लागणं, ही त्या बायकांच्या कोंडीची केवढी साक्ष आहे! देवबंदी परंपरेतले मोठे विद्वान मौलाना अशरफ अली थानवी यांनी मदिनेतल्या मालिकी मुफ्तींकडून लेखी उत्तरं मागवली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला या प्रश्नावर एक पुस्तक लिहिलं. अशा गरजेच्या वेळी हनफी मुफ्तींनी मालिकी मतावर फतवा द्यावा, असं त्यांनी त्यात साधार मांडलं. दुसऱ्या पीठाचं मत असं उसनं घेण्यालाही अटी असतात. गरज खरी हवी, आणि त्या पीठाच्या सगळ्या अटींसकट ते घ्यायला हवं. सोयीचा तुकडा उचलून चालत नाही.

म्हणजे आज आपल्या बाईला मिळणारा फतवा साधारण असा असेल: विचारलेल्या परिस्थितीत मालिकी मताप्रमाणे मार्ग आहे, पण त्यासाठी काझीकडे जावं लागेल.

याच वाक्याशी मुफ्तींचा अधिकार संपतो. चार वर्षं झाली, असं तिनं स्वतःच मोजून निकाह करायचा, अशी परवानगी फतवा देत नाही. नवरा खरंच बेपत्ता आहे का? की त्याच्या भावाला पत्ता माहीत आहे आणि तो लपवतो आहे? शोध घेतला का? हे सगळं ठरवून नातं तोडण्याचं काम काझीचं. मुफ्ती हा निकाह तोडू शकत नाहीत, मग ते कितीही मोठे विद्वान असोत.

मग फरक नेमका कुठे

तेराव्या शतकात कैरोमध्ये शिहाबुद्दीन अल-कराफी नावाचे मालिकी कायदेपंडित होते. फतवा आणि निकाल यांतला फरक समजावण्यासाठी त्यांनी एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की मुफ्ती कळवतो आणि काझी बांधतो. मुफ्ती सांगतो तो नियम तशा परिस्थितीतल्या कुणालाही लागू पडेल, पण मानायचा की नाही ते ज्याच्या-त्याच्या मनावर. काझीचा निकाल फक्त समोरच्या दोन पक्षांपुरता, पण त्यांना तो पाळावाच लागतो.

पैगंबरांच्या काळातला एक प्रसंग यासाठी हमखास सांगितला जातो. अबू सुफियान यांची पत्नी हिंद हिनं पैगंबरांकडे तक्रार केली, की नवरा चिक्कू आहे, मला आणि मुलांना पुरेसं देत नाही. त्याला न सांगता त्याच्या पैशातून घेतलं तर चालेल का? तुला आणि मुलांना रीतीप्रमाणे पुरेल एवढं घे, असं उत्तर मिळालं. पुढच्या कायदेपंडितांनी यावर शतकानुशतकं वाद घातला: हा फतवा होता की निकाल? निकाल मानला तर प्रतिपक्ष हजर नसतानाही न्यायाधीश निर्णय देऊ शकतो असा नियम निघतो, कारण अबू सुफियानना तेव्हा विचारलेलं नव्हतं. फतवा मानला तर खर्च न देणाऱ्या नवऱ्याच्या कुठल्याही बायकोला, काझीकडे न जाता, तेवढे पैसे घेता येतात. उत्तराचे शब्द तेच, पण ते कोणत्या भूमिकेतून दिलं यावर त्याचा परिणाम ठरतो.

दुसरा फरक मनाचा आणि पुराव्याचा. एखादा नवरा बायकोला म्हणाला, “तू सुटलीस.” नंतर म्हणतो, तलाक माझ्या मनात नव्हता, मी वेगळ्याच अर्थानं बोललो. मुफ्ती त्याला सांगू शकतात: तुझा हेतू खरंच तसा असेल, तर तुझ्या आणि अल्लाहच्या मधे तलाक झालेला नाही. काझीपुढे गेला तर शब्दांचा उघड अर्थ धरला जाईल, कारण दुसऱ्याच्या मनात काझी शिरू शकत नाही आणि समोर बायकोचाही हक्क उभा असतो. हनफी ग्रंथांत एकाच प्रश्नाची अशी दोन उत्तरं शेजारी-शेजारी लिहिलेली सापडतात, एक सदसद्विवेकासाठी आणि एक न्यायालयासाठी.

तिसरा फरक वाद मिटण्याचा. एक फतवा पटला नाही तर माणूस दुसऱ्या मुफ्तींकडे जाऊ शकतो आणि दोघांची उत्तरं वेगळी असू शकतात. काझीनं मान्य मतांपैकी एक धरून निकाल दिला, की त्या प्रकरणापुरता मतभेद संपतो. बेपत्ता नवऱ्याच्या प्रकरणात मालिकी मतावर काझीनं निकाह तोडला, तर हनफी मुफ्तींनाही ती बाई मोकळी मानावी लागते.

आता २००५ च्या फतव्याकडे पुन्हा पाहा. सासऱ्याच्या शरीरसंबंधानं सून नवऱ्याला निषिद्ध होते, हे हनफी मत. शाफई पीठ ते मानत नाही: हराम कृत्यानं हलाल नातं तुटत नाही, असं ते म्हणतं. तोच प्रश्न कोकणातल्या शाफई मुफ्तींना गेला असता तर उत्तर उलट आलं असतं. शिवाय हनफी ग्रंथांप्रमाणेही अशा वेळी निकाह आपोआप मोडत नाही. नवऱ्यानं सोडावं लागतं किंवा काझीनं वेगळं करावं लागतं. म्हणजे इस्लामी शास्त्राच्या आतून पाहिलं, तरी त्या कागदानं त्या जोडप्याचं काहीही ठरलेलं नव्हतं.

‘बंधनकारक नाही, तर लोक घाबरतात का?’

कारण गाव घाबरवतं. फतव्याचा कागद हातात घेऊन जमात बहिष्कार टाकते, भाऊ बहिणीला घराबाहेर काढतो, आणि कागदाला नसलेली ताकद त्याला माणसं देतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये हाच धोका ओळखला. फतवे देण्यावर त्यांनी बंदी घातली नाही, कारण मत देणं बेकायदा नाही. पण एखाद्याच्या हक्कांवर आणि प्रतिष्ठेवर परिणाम करणारा फतवा तिऱ्हाइताच्या प्रश्नावरून देऊ नये, असं सुचवलं. आणि फतवा जबरदस्तीनं लादणाऱ्यावर कायद्यानं कारवाई होईल, हेही सांगितलं. मला यातला तिऱ्हाइताचा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. प्रश्न ज्याचा, त्यानंच विचारावा.

‘दारुल कझा म्हणजे समांतर न्यायालयंच ना?’

दारुल कझामध्ये काझी बसतात, दोन्ही पक्षांना बोलावतात, साक्षी घेतात. बिहारच्या इमारत-ए-शरिया या मुस्लिम संस्थेचं असं काम १९२१ पासून चालू आहे. रीत न्यायालयासारखी आहे, पण समन्स बजावणारा बेलीफ नाही आणि हुकूम बजावणारे पोलीस नाहीत. दोन्ही पक्ष राजीखुशीनं मानतील आणि देशाच्या कायद्याशी विसंगत नसेल, तेवढाच तो निर्णय टिकतो. २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयानं हेच पुन्हा सांगितलं. तेव्हा आज भारतात बंधनकारक निकाल देणारा म्हणजे सरकारी न्यायाधीशच.

‘आणि रश्दींविरुद्धचा फतवा?’

अनेकांना हा शब्द कळला तोच १९८९ मध्ये, इराणच्या आयातुल्ला खोमेनींमुळे. तिथे बोलणारा माणूस देशाचा सर्वोच्च नेता होता. आरोपीला बोलावलं नाही, त्याचं ऐकलं नाही, आणि थेट मृत्यूची भाषा झाली. सत्ता आणि फतवा एकाच हातात आल्यावर काय होतं ते जगानं पाहिलं. याउलट इजिप्तचं उदाहरण आहे. तिथे न्यायालयाला फाशी सुनावण्याआधी प्रकरण देशाच्या मुख्य मुफ्तींकडे पाठवावं लागतं. ते मत देतात, पण न्यायालयावर ते बंधनकारक नसतं. ठराविक मुदतीत उत्तर आलं नाही तर न्यायालय त्याशिवाय पुढे जातं.

त्या बाईनं आता कुठे जायचं

तिच्या फतव्यात ‘काझीकडे जा’ असं लिहिलं आहे, आणि अधिकार असलेला काझी तर १८६४ पासून नाही. थानवींनाही ही अडचण दिसली होती. मुसलमान न्यायाधीश नसेल तर धार्मिक, जाणत्या मुसलमानांच्या पंचायतीनं निर्णय द्यावा, ही मालिकी वाट त्यांनी सुचवली. त्याच मंथनातून मुस्लिम विवाहविच्छेद कायदा, १९३९ आला. न्यायाधीश मुसलमानच असावा ही उलेमांची मागणी त्यात राहिली नाही आणि त्यावर ते नाराज होते. चार वर्षांची मालिकी मुदत मात्र कायद्याच्या कलम २ मध्ये पहिलंच कारण म्हणून आली.

म्हणून तिनं कुटुंब न्यायालयात दावा लावायचा. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नाही हे दाखवायचं. नवरा वारला असता तर वारस कोण झाले असते, त्यांची नावं-पत्ते दाव्यात द्यावे लागतात आणि त्यांना नोटीस जाते. नवऱ्याचा चुलता आणि भाऊ असतील तर, ते वारस नसले तरी, त्यांना पक्षकार करावं लागतं. पत्ता लपवणारा भाऊ इथे सापडण्याची शक्यता असते. हुकूमनामा मिळाला तरी तो सहा महिने अमलात येत नाही. तेवढ्यात नवरा परतला आणि संसार करायची तयारी असल्याचं त्यानं न्यायालयाला पटवलं, तर हुकूमनामा रद्द होतो. आणि एखादीची चार वर्षं अजून भरली नसतील पण दोन वर्षं खर्च मिळाला नसेल, तर त्याच कलमातलं पुढचं कारण धरून ती आजच दावा लावू शकते.